बारा संघांचा तक्ता

गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत बारा संघ आले, की बाद फेरीचा तक्ता सोळा ओळींचाच आखावा लागतो. उरलेल्या चार जागा म्हणजे चार 'बाय'. ते चारही एकाच बाजूला पडले, तर त्या बाजूच्या संघांना अंतिम फेरीपर्यंत एक सामना कमी खेळावा लागतो. म्हणून दर चार ओळींमागे एकच बाय ठेवावा.

संघांची नावं चिठ्ठ्या टाकून भरावीत. दोन ओळी जोडणाऱ्या उभ्या रेघेच्या मध्यातून पुढची ओळ निघते. सामना क्रमांक आणि वेळ त्या जोडापाशीच लिहावी. चौथा सामना अकराला असेल, तर त्याच्या विजेत्याला बाराला उतरवू नये. बाराला पहिल्या सामन्याचा विजेता खेळवावा. एकूण सामने अकराच.