साबुदाण्याचा भाव कुठे लिहायचा?

शेगावातल्या एखाद्या किराणा दुकानाच्या मालाची यादी एक्सेलमध्ये करायची, तर बहुतेक जण एकच लांबलचक तक्ता आखतात: माल, शिल्लक, व्यापाऱ्याचं नाव, फोन, भाव. महिनाभर तो बरा चालतो. मग ठोक व्यापाऱ्याचा फोन बदलतो आणि तो चाळीस ओळींत शोधून बदलावा लागतो. नवा भाव जुन्यावर लिहिला, की जुना कायमचा जातो.

म्हणून तीन पानं करावीत. ‘माल’ पानावर प्रत्येक वस्तूची एकच ओळ. ‘व्यापारी’ पानावर नाव, फोन, सुट्टीचा वार आणि माल पोचायला लागणारे दिवस. ‘खरेदी’ पानावर मात्र प्रत्येक बिलाची नवी ओळ: तारीख, मालाचा कोड, व्यापाऱ्याचा कोड, किलो, एकूण खर्च, किलोचा दर. कोड हवाच, कारण घरातला एक जण ‘साबुदाणा’ लिहितो, दुसरा ‘साबूदाणा’, आणि एक्सेलला ते दोन वेगळे माल वाटतात.

समजा, साबुदाणा खामगावहून 25 किलोच्या कट्ट्यात येतो. कट्टा 1,500 रुपयांचा, हमाली-भाडं 25. म्हणजे दर 60 नव्हे, 61 रुपये किलो. विक्री सुट्ट्या किलोने होते, म्हणून शिल्लकही किलोतच मांडावी. कट्टे आणि किलो एका रकान्यात मिसळले, की हिशेब संपलाच.

आता मागणीची पातळी. रोज 4 किलो खपतो, फोन केल्यावर माल यायला 3 दिवस, वर 2 दिवसांची राखीव: 4 × 5 = 20 किलो. शिल्लक 20 वर आली, की फोन. मात्र शिल्लकीत वाटेवरचा मालही धरायचा, नाहीतर काल मागवलेला कट्टा आज पुन्हा मागवला जातो. आषाढी एकादशीच्या आधी खप रोज 12 किलोवर गेला, तर हीच पातळी 60 होते. त्यामुळे 20 हा आकडा हाताने लिहू नये. रोजचा खप आणि दिवस यांचे रकाने ठेवून गुणाकार एक्सेललाच करू द्यावा. सुट्टा माल विकताना प्रत्येक पावशेराची नोंद कोणी करत नाही, तेव्हा आठवड्यातून एकदा वजन करून शिल्लक दुरुस्त करणं आलंच.

शेवटचा भाव ‘माल’ पानावर लिहायचाच नाही. ‘माल’च्या A रकान्यात कोड, ‘खरेदी’च्या B मध्ये कोड आणि F मध्ये दर असेल, तर हे सूत्र तो आणून देतं:

```
=LOOKUP(2,1/('खरेदी'!B$2:B$2000=A2),'खरेदी'!F$2:F$2000)
```

`#N/A` दिसलं, तर कोड चुकलाय किंवा खरेदीच झालेली नाही. सूत्राची खोड एकच: ते तारीख बघत नाही, सर्वांत खालची ओळ उचलतं. जुनं बिल उशिरा नोंदवलं, तर जुनाच दर वर येतो. म्हणून नोंदीनंतर ‘खरेदी’ पान तारखेनुसार, जुनं वर आणि नवं खाली असं लावावं, आणि सूत्रात F च्या जागी A घालून दराशेजारी त्याची तारीखही दिसू द्यावी.