घड्याळाने न पाहिलेला मिनिट

बावीस वर्षांचा मुलगा आईसोबत दवाखान्यात आला आणि बसताक्षणी मोबाइल माझ्यापुढे धरला. आदल्या दिवशी लॅबमध्ये रक्त देताना त्याला भोवळ आली होती. मनगटावरच्या घड्याळाने त्या वेळच्या नाडीचा ग्राफ काढला होता: १०.४१ ला ७८, १०.४२ ला १०८, १०.४३ ला काहीच नाही, १०.४४ ला ५६. आईचं सगळं लक्ष त्या रिकाम्या जागेकडे. "डॉक्टर, इथे याचं हृदय बंद पडलं होतं का?"

मी त्याला आठवेल तसं सगळं सांगायला लावलं. सुई दिसली तेव्हा छातीत धडधड वाढली. मग मळमळ, दरदरून घाम, कानात गुंई, डोळ्यांपुढे अंधारी. त्यापुढचं काही आठवत नाही. ही व्हेसोव्हेगल मूर्च्छेची ओळखीची वाट आहे, आणि नाडीही त्याच वाटेने जाते.

भीतीने, वेदनेने किंवा फार वेळ उभं राहिल्याने आधी नाडी वाढते. शरीर रक्तदाब टिकवायला धडपडत असतं. मग एका क्षणी गाडी उलट फिरते. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसा ढिल्या पडतात आणि व्हेगस नस हृदयाला लगाम घालते. काही सेकंदांत नाडी शंभरावरून चाळिशीत येते, कधी तर हृदय काही सेकंद थांबतंही. रक्तदाब कोसळतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खाली जातो. आडवा झाला की रक्त हृदयाकडे परततं आणि थोड्याच वेळात शुद्ध येते. नाडी मात्र काही मिनिटं संथ राहू शकते. ग्राफवरचे ५६ ते हेच.

मूर्च्छा नाडी मंदावल्यानेच येते असं मात्र नाही. १९३२ साली लंडनच्या थॉमस लुईस यांनी अशा रुग्णाला अ‍ॅट्रोपिन दिलं. नाडी वाढली, पण रक्तदाब खालीच राहिला. म्हणजे ढिल्या पडलेल्या रक्तवाहिन्यांचा वाटा मोठा होता. घड्याळाचा ग्राफ नाडीच मोजतो, त्यामुळे त्या ग्राफमध्ये हा वाटा कधीच दिसणार नाही.

आता त्या रिकाम्या जागेकडे येऊ. घड्याळाच्या मागचा हिरवा प्रकाश त्वचेतल्या रक्ताचं भरणं-ओसरणं मोजतो. मूर्च्छेत त्वचा पांढरीफटक पडते आणि तिथलं रक्त आटतं. त्यात हात आपटतो, पट्टा सरकतो. खात्रीचा ठोका हाती लागला नाही की घड्याळ आकडा देत नाही. म्हणून त्या जागेचा अर्थ 'ठोके नव्हते' असा नाही, 'घड्याळाला दिसले नाहीत' एवढाच.

पण तिथे आकडा आला असता तरी फसगत झालीच असती. समजा, त्या मिनिटात पहिले ३५ सेकंद नाडी ११० होती, पुढचे १५ सेकंद ४० आणि शेवटचे १० सेकंद ६०. ठोके मोजले तर अनुक्रमे ६४, १० आणि १०. एकूण ८४. मिनिटाची सरासरी दाखवणारं घड्याळ ८४ दाखवेल आणि बघणारा म्हणेल, यात काय विशेष! दर काही मिनिटांनीच नोंद घेणारं घड्याळ तर तो मिनिटच गाळून टाकेल. ईसीजी काढणारी घड्याळं चांगली असतात, पण तो ईसीजी माणसाने स्वतः सुरू करावा लागतो, आणि मूर्च्छेत ते कोण करणार?

मग ग्राफ बिनकामाचा? मुळीच नाही. सुईच्या वेळेशी वाढलेली नाडी जुळली आणि नंतरची संथ नाडीही दिसली, तर हकिकतीला आधार मिळतो. मात्र कारण ग्राफवर ठरत नाही. ते ठरतं हकिकतीवर, तपासणीवर आणि दवाखान्यातल्या ईसीजीवर. पळताना किंवा कसलीही पूर्वसूचना न मिळता कोणी कोसळला, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर ग्राफ कितीही साधा दिसो, हृदयाची तपासणी लांबवू नये.

मी आईला विचारलं, तो पडल्यावर लॅबमधल्या माणसाने काय केलं? "त्याला जमिनीवरच सरळ झोपवलं, पाय खुर्चीवर ठेवले. मनगटात नाडी लागेना, तेव्हा मानेला दोन बोटं लावली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. दहा सेकंदांत सात, असं काहीतरी म्हणाले."

दहा सेकंदांत सात म्हणजे मिनिटाला ४२. रक्तदाब इतका उतरला की मनगटात नाडी लागत नाही, पण मानेत लागते. मुलाचा ईसीजी नीट आला. त्या कागदावर मी १०.४३ पुढे ४२ लिहिलं आणि कंसात 'बोटांनी मोजलेले' अशी नोंद केली.