दूरचा संगणक अडखळतो तेव्हा

कोल्हापुरात घरी बसून व्हर्जिनियातल्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने काम करणाऱ्या एका हिशेबनिसाची तक्रार ओळखीची आहे: टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, माउसचा बाण मध्येच थबकतो आणि मग एकदम उडी मारतो. इंटरनेटवाल्याला फोन केला की तो स्पीड टेस्ट करायला लावतो. पडद्यावर १०० एमबीपीएस दिसतात आणि विषय तिथेच संपतो. खरं तर तो तिथे सुरू व्हायला हवा. रिमोट डेस्कटॉपला सिनेमाइतका डेटा लागत नाही. त्याला लागतं ते उत्तर वेळेवर येणं, आणि साध्या स्पीड टेस्टच्या त्या मोठ्या आकड्याला याची काहीच खबर नसते.

उत्तर वेळेवर न येण्याची कारणं मुख्यतः तीन. अंतरच जास्त असेल तर प्रत्येक अक्षर उशिरा येतं, पण सारख्याच उशिराने. जिटर असेल, म्हणजे प्रवासाची वेळ क्षणाक्षणाला बदलत असेल, तर काही अक्षरं पटापट आणि काही रखडत येतात. पॅकेट वाटेत हरवत असतील तर पडदा क्षणभर गोठतो आणि मग चार-पाच अक्षरं एकदम कोसळतात. शेवटची दोन लक्षणं नुसत्या अनुभवावरून वेगळी ओळखता येत नाहीत. पॅकेट हरवलं तरी संगणक ते गुपचूप पुन्हा पाठवतो, त्यामुळे आपल्याला फक्त उशीर दिसतो. पिंग मात्र हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवत नाही. गेलं ते गेलं असं सरळ सांगतो. म्हणूनच तो इथे उपयोगी पडतो.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ही ओळ द्यायची. शेवटी आपल्या सर्व्हरचा पत्ता घालायचा. इथला नमुन्याचा आहे. मॅक आणि लिनक्सवर `-n` ऐवजी `-c` लागतं.

```
ping -n 100 203.0.113.25
```

दर सेकंदाला एक याप्रमाणे शंभर पॅकेट जातात, दोनेक मिनिटांत निकाल येतो. आपल्या हिशेबनिसाचा दुपारचा निकाल असा होता:

```
Sent = 100, Received = 100, Lost = 0 (0% loss)
Minimum = 214ms, Maximum = 702ms, Average = 291ms
```

बहुतेक लोक सरासरी बघतात. आधी बघावं ते `Minimum`. वाट पूर्ण मोकळी असतानाही लागणारा हा वेळ, म्हणजे अंतराचा भाग. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो; म्हणजे दर शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. व्हर्जिनिया सरळ रेषेत तेरा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे १३० मिलिसेकंद तर निसर्गाचेच. पण केबल सरळ रेषेत जात नाही. मुंबईहून तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र, युरोप आणि मग अटलांटिक असा वळसा पडला की दोनशेच्या पुढचा आकडा रास्तच. घरचं कनेक्शन दुप्पट वेगाचं घेतलं तरी तो खाली येणार नाही. उलट हाच किमान आकडा एखाद्या दिवशी एकदम वाढून तसाच राहिला, तर वाट बदलली असं समजावं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या, तेव्हा वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळवावी लागली आणि पॅकेटांचा फेरा लांबला.

आता किमान २१४ आणि कमाल ७०२ यांतली दरी पाहा. ती अंतराने पडत नाही. हरवलेलं पॅकेट शून्य, म्हणजे हे जिटर. पण कुठलं, समुद्रातलं की बैठकीच्या खोलीतलं? त्यासाठी तीच आज्ञा घरच्या राउटरच्या पत्त्यावर चालवायची. हा पत्ता बहुधा `192.168.1.1` असतो. `ipconfig` दिल्यावर `Default Gateway` समोर दिसतो. निकाल आला:

```
Lost = 0 (0% loss)
Minimum = 1ms, Maximum = 463ms, Average = 74ms
```

दोन भिंतींपलीकडच्या राउटरपर्यंत जायला कधी एक मिलिसेकंद, तर कधी ४६३! सर्व्हरकडे सरासरी ही किमान आकड्याच्या ७७ वर होती, इथे ७३ वर. म्हणजे जवळजवळ सगळा गोंधळ घरातल्या वायफायचाच. वायफायवर पॅकेट बिघडलं तर यंत्रं ते आपापसात पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यामुळे खराब वायफाय पिंगमध्ये बऱ्याचदा शून्य टक्के लॉस दाखवतं आणि आकडे मात्र उड्या मारतात. नेटवर्क केबल लावल्यावर सर्व्हरचा निकाल किमान २१४, कमाल २२६ असा आला. अक्षरं अजूनही उशिरा उमटत होती, पण एका चालीत. त्या चालीची हाताला सवय होते.

रात्री नऊच्या सुमारास मात्र पडदा पुन्हा गोठू लागला. पिंगमध्ये मधूनमधून `Request timed out` दिसलं आणि शेवटी `Lost = 4`. राउटरकडे शून्य. म्हणजे हरवणं घराबाहेरचं. कुठे, हे शोधायला ट्रेसराउट. विंडोजमध्ये त्याचं नाव `tracert`. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकेका ओळीत दाखवतो आणि प्रत्येकाची वेळ तीनदा मोजतो. पण तीनच मोजण्यांत चार टक्के लॉस सापडणं निव्वळ योगायोग. त्यामुळे त्यातून वाट कळून घ्यायची आणि मोजायला विंडोजचं `pathping` किंवा लिनक्सवरचं `mtr` वापरायचं. ते प्रत्येक टप्प्यावर बरीच पॅकेट पाठवतात.

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. पाचव्या ओळीत तीन चांदण्या दिसल्या की दोषी सापडला असं वाटतं. पण पॅकेट पुढे ढकलणं हे राउटरचं मुख्य काम; पिंगसारख्या चौकशीला उत्तर देणं त्याच्या लेखी दुय्यम. काही राउटर मोजकीच उत्तरं देतात, काही अजिबात देत नाहीत. सहाव्या ओळीपासून सगळं सुरळीत असेल तर पाचवी सोडून द्यायची. दोष खरा तेव्हाच, जेव्हा तो एका ओळीत सुरू होऊन शेवटपर्यंत टिकतो. वेळेचंही तसंच. मुंबईनंतर एका ओळीत शंभर मिलिसेकंदांची उडी बसली आणि पुढे टिकली, तर तो समुद्र. त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही. ट्रेसराउट फक्त जातानाची वाट दाखवतो. परतीची वेगळी असू शकते आणि गडबड तिथेही असू शकते. सर्व्हरने पिंगला उत्तर देणंच बंद ठेवलं असेल, तर उत्तर देणाऱ्या शेवटच्या टप्प्यावरून अंदाज घ्यावा लागतो.

आपल्या हिशेबनिसाच्या यादीत राउटरनंतरच्या दुसऱ्याच ओळीपासून चार टक्के लॉस होता आणि तो खालपर्यंत तसाच. दुसरी ओळ म्हणजे इंटरनेटवाल्याचं पहिलं ठाणं. अशा वेळी घरातलं कुणी फोटो वगैरे अपलोड करतंय का, हे आधी पाहावं. अपलोडची रांग तुंबली की त्याच ओळीत वेळ वाढते आणि पॅकेटही गळतात. घरात सगळं बंद करूनही आकडा तोच राहिला. मग वेळेसकट दोन निकाल जोडून तक्रार गेली: राउटरपर्यंत लॉस शून्य, तुमच्या पहिल्या टप्प्यापासून चार टक्के. असे आकडे समोर ठेवले की स्पीड टेस्ट करा म्हणून बोळवण करणं अवघड जातं.

उरतात ते २१४ मिलिसेकंद. ते कोल्हापुरातून कमी होणार नाहीत. त्यासाठी ऑफिसकडेच मागणी करावी लागते की हे काम मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या डेटा सेंटरमधल्या यंत्रावर हलवा.