झेरॉक्स मशीनच्या पोटातला पासवर्ड

ऑफिसच्या नेटवर्कची सुरक्षा म्हटलं की बोलणं कॉम्प्युटरच्या अँटीव्हायरसवर येऊन थांबतं. आज आपण कॉम्प्युटर बाजूला ठेवू आणि कोपऱ्यातल्या दोन खोक्यांकडे बघू. एक ते मोठं झेरॉक्स-प्रिंटर-स्कॅनर मशीन, आणि दुसरा नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फायली एकत्र ठेवायचा नेटवर्कवरचा डबा. दोन्ही खरं तर छोटे कॉम्प्युटरच आहेत. दोन्हींना स्वतःचं वेबपेज असतं, दोन्हींना अॅडमिन लॉगिन असतं, आणि बसवून गेलेल्या माणसानंतर त्या पानावर सहसा कुणी जात नाही.

बोलायला सोपं जावं म्हणून एक ऑफिस डोळ्यापुढे घेऊ. समजा, परभणीत स्टेशन रोडच्या बाजूला एका कर सल्लागाराचं ऑफिस आहे. पाच कॉम्प्युटर, एक फायबरचा राउटर, एक नॅस, आणि सेकंडहँड घेतलेलं कॅननचं मशीन. नॅसवर शे-दीडशे पक्षकारांची पॅन, आधार, बँक स्टेटमेंट. राउटर 192.168.1.1, मशीन 192.168.1.40, नॅस 192.168.1.50. असं ऑफिस जिंतूरला, गंगाखेडला, सेलूला कुठेही सापडेल.

आता या ऑफिसात रोज काय होतं? पक्षकार कागद घेऊन येतो, मुलगा मशीनवर ठेवतो, 'स्कॅन' बटण दाबतो आणि फाईल थेट नॅसवर जाऊन पडते. सोय उत्तम. पण ती फाईल नॅसवर लिहायला मशीनला नॅसचं लॉगिन लागतं. ते मशीनच्या अॅड्रेस बुकमध्ये साठवलेलं असतं. आणि बसवताना इंजिनिअरने घाई केलेली असली, तर तिथे नॅसचा `admin` आणि त्याचाच पासवर्ड टाकलेला असतो. चालतंय ना, मग झालं!

आता बघा. कॅननच्या बऱ्याच जुन्या ऑफिस मशीनचा कारखान्यातून येणारा मॅनेजर आयडी आणि पिन दोन्ही `7654321`. हे गुपित नाही, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे. ऑफिसच्या वायफायवर असलेला कुणीही ब्राउझरमध्ये मशीनचा पत्ता टाकून आत जाऊ शकतो. अॅड्रेस बुकमध्ये त्याला पासवर्ड दिसत नाही, ठिपके दिसतात. पण त्याला तो बघायची गरजच नाही. तो फक्त सर्व्हरचा पत्ता बदलतो. 192.168.1.50 च्या जागी स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता टाकतो आणि सेव्ह करतो. पुढचं स्कॅन झालं की मशीन इमानदारीत ते लॉगिन त्याच्या लॅपटॉपकडे पाठवतं. एफटीपी असेल तर पासवर्ड उघडाच जातो. विंडोज शेअरिंगची पद्धत असेल तर कोड्याच्या रूपात जातो, पण पासवर्ड साधा असेल तर ते कोडं घरी बसून सुटतं. काही नवी मशीन पत्ता बदलल्यावर पासवर्ड पुन्हा टाकायला लावतात, तिथे ही युक्ती चालत नाही. जुन्या मशीनचा मात्र भरवसा धरू नका.

म्हणजे मशीनचा पासवर्ड हा फक्त मशीनचा नसतो. त्यामागे नॅसचं दार असतं.

(सभागृहातून प्रश्न: "आमच्या प्रिंटरवर मागे स्टिकर आहे, त्यावर वेगळा पासवर्ड आहे. तो तर चालेल?")

चांगला प्रश्न. नव्या मशीनवर प्रत्येकाला वेगळा पासवर्ड स्टिकरवर येतो, आणि तो `7654321` पेक्षा बराच बरा. पण जून २०२५ मध्ये रॅपिड सेव्हन या सुरक्षा कंपनीने एक गोष्ट जाहीर केली. ब्रदरच्या ६८९ मॉडेलमध्ये स्टिकरवरचा पासवर्ड मशीनच्या सिरियल नंबरवरून ठराविक रीतीने काढलेला होता. सिरियल नंबर कळला की पासवर्ड काढता येतो, आणि सिरियल नंबर मशीनकडूनच नेटवर्कवरून मिळवता येत होता. आधी बनलेल्या मशीनमध्ये ही गोष्ट सॉफ्टवेअर अपडेटने पूर्ण दुरुस्त होत नाही, कारण पासवर्ड कारखान्यातच ठरलेला. उपाय एकच उरतो, तो बदलणं. तेव्हा स्टिकरवरचाही बदला.

आता क्रम सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण उलटं केलंत तर सकाळी स्कॅन बंद पडेल आणि सगळे तुमच्या नावाने ओरडतील.

सुरुवात नॅसपासून. आत जाऊन आधी नवा अॅडमिन युजर बनवा, नाव `admin` नको, ऑफिसचं नावही नको. दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्या नव्या नावाने लॉगिन करून बघा, सेटिंग्ज उघडतात ना ते तपासा. मगच जुना `admin` बंद करा. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही का? ऑगस्ट २०२१ मध्ये सिनॉलॉजी कंपनीने इशारा दिला होता की व्हायरस लागलेल्या यंत्रांची टोळी त्यांच्या नॅसवर अॅडमिनचे पासवर्ड एकामागून एक आजमावते आहे. सॉफ्टवेअरमध्ये भोक नव्हतं, फक्त अंदाज बांधणं चालू होतं. अशा वेळी `admin` नावाचं खातंच चालू नसेल, तर अर्धा अंदाज तिथेच चुकतो. सिनॉलॉजीच्या नव्या आवृत्तीत ते आधीच बंद येतं. जुन्या डब्यात तुम्हाला करावं लागेल.

त्यानंतर नॅसवर `scan` नावाचा साधा युजर बनवा. त्याला एकाच फोल्डरवर लिहायची परवानगी, बाकी सगळीकडे नकार, सेटिंग्जचं पान उघडायलाही नकार. हे लॉगिन मशीनच्या अॅड्रेस बुकमध्ये टाका, एक पान स्कॅन करून बघा. त्या फोल्डरमधल्या फायली रोज संध्याकाळी पक्षकारांच्या फोल्डरमध्ये हलवायची सवय लावा. मग हे लॉगिन उद्या कुणाच्या हाती लागलं, तरी त्याला त्या दिवसाची चार-पाच पानं मिळतील, दहा वर्षांचं ऑफिस मिळणार नाही.

इथे एक अडचण हमखास येते. जुनी मशीन विंडोज शेअरिंगची पहिली, म्हणजे एसएमबी-वन हीच पद्धत बोलतात आणि नॅसवर ती बंद असते. स्कॅन होत नाही म्हणून इंजिनिअर ती चालू करून जातो, आणि वर फोल्डरला 'सगळ्यांना पूर्ण परवानगी' देऊन जातो. तसं करू नका. मशीनला अपडेट आहे का विचारा, नसेल तर स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या. माझ्या मते तो थोडा त्रास परवडतो.

आता मशीनचा आयडी-पिन बदला. सेकंडहँड असेल तर त्याच बैठकीत अॅड्रेस बुक पूर्ण पुसा. त्यात आधीच्या मालकाचे पत्ते आणि लॉगिन राहिलेले असू शकतात, आणि तुम्ही ते विकाल तेव्हा तुमचे राहतील.

इथपर्यंत लॉगिन झालं. पण लॉगिन बदलून भागतं असं समजू नका. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या नॅसवर क्यूलॉकर नावाचा हल्ला झाला. लोक सकाळी उठले तर फायली पासवर्ड लावलेल्या 7z फायलींमध्ये बांधलेल्या, आणि सोडवायला ०.०१ बिटकॉइनची मागणी. कारण काय निघालं? बॅकअपच्या एका अॅपमध्ये कंपनीनेच लॉगिन पक्कं लिहून ठेवलेलं होतं. मालकाने स्वतःचा पासवर्ड कितीही अवघड ठेवला असता तरी फरक पडला नसता. वाचले ते ज्यांचा डबा इंटरनेटवरून दिसतच नव्हता. प्रिंटरचंही तसंच. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एकाने जगभरच्या प्रिंटरवर एका यूट्यूब चॅनेलची जाहिरात छापली, त्याच्याच दाव्यानुसार सुमारे ५०,००० प्रिंटरवर. पासवर्ड फोडला नाही. 9100 क्रमांकाचा पोर्ट पासवर्ड मागतच नाही, आलं ते छापतो.

म्हणून दुसरं काम, पोहोच तोडणं. राउटरच्या पानावर जा (त्याचंही लॉगिन बदलायचंय, ते ओघाने आलंच). पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत 40 किंवा 50 चा पत्ता असेल तर ती ओळ काढा. `UPnP` बंद करा, कारण त्याच्या जोरावर नॅस तुम्हाला न विचारता स्वतःच बाहेरचं दार उघडून घेतो. पक्षकारांना द्यायला गेस्ट वायफाय चालू करा. "साहेब, वायफाय द्या ना" म्हणणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, पण त्याला ऑफिसच्या नेटवर्कवर घ्यायलाच पाहिजे असं नाही.

मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवे रिकामा ठेवा आणि आयपीव्ही-सिक्स बंद करा. गेटवे नसला की मशीनला ऑफिसबाहेर उत्तर पाठवायचा रस्ताच राहत नाही. छपाई आणि नॅसवरचं स्कॅन चालू राहतं. स्कॅन-टू-ईमेल बंद पडतं, ते वापरत असाल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही.

नॅसच्या फायरवॉलमध्ये दोन-तीन नियम पुरतात. फायलींचा पोर्ट 445 ऑफिसच्या सगळ्या पत्त्यांना. सेटिंग्जचं पान, सिनॉलॉजीत सहसा 5000 आणि 5001, क्यूनॅपमध्ये 8080 आणि 443, फक्त तुमच्या एका कॉम्प्युटरला, समजा 192.168.1.11. शेवटी बाकी सगळ्यांना नकार. परवानगीचे नियम वर आणि नकार तळाशी, उलटं झालं तर तुम्हीच बाहेर. आणि 11 हा पत्ता राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरसाठी राखून ठेवा. नाहीतर लाईट जाऊन आली, राउटर चालू झाला, पत्ता 14 झाला, आणि दुपारी तुम्ही स्वतःच्याच नॅसबाहेर उभे.

झालं की नाही ते तपासायचं. दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर पॉवरशेलमध्ये हे टाका:

```
Test-NetConnection 192.168.1.50 -Port 5001
Test-NetConnection 192.168.1.50 -Port 445
```

पहिल्याला शेवटी `False` यायला हवं, दुसऱ्याला `True`. मग मोबाईलचं वायफाय बंद करून, मोबाईल डेटावरून ऑफिसचा बाहेरचा पत्ता आणि पोर्ट उघडून बघा. काहीच उघडायला नको. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता 100.64 ते 100.127 यांच्यातला असेल, तर कंपनीने तुम्हाला अनेकांत वाटलेला पत्ता दिलाय आणि आयपीव्ही-फोरवरून तसंही कुणी पोहोचत नाही. पण आयपीव्ही-सिक्सचा रस्ता वेगळा असतो, तेव्हा राउटरची आयपीव्ही-सिक्स फायरवॉल चालू आहे हे वेगळं बघा.

(प्रश्न: "पासवर्ड विसरलो तर?")

नॅसच्या मागे रिसेटचं बारीक छिद्र असतं. तीन-चार सेकंद पिन दाबली, बीप वाजला, की जुनं `admin` खातं परत जिवंत होतं, फायली जागेवर राहतात. म्हणजे विसरलात तर तुमची सोय, आणि डबा काउंटरवर ठेवलात तर येणाऱ्याची. तो कुलपाच्या कपाटात ठेवा, हवा खेळेल असं बघा, आपल्याकडे मे महिन्यात बंद कपाटात डिस्क तापतात. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात, तिजोरीत. सर्व्हिस इंजिनिअर येईल तेव्हा पासवर्ड तुम्ही स्वतः टाका. तो गेला की मशीनवर जुना पिन `7654321` चालतोय का ते लगेच बघा, कारण मोठ्या दुरुस्तीनंतर सेटिंग्ज कारखान्यासारख्या होऊन बसतात आणि बिलावर तसं कुणी लिहीत नाही.