पुन्हा विचारायचं, पण कधी?

बसच्या वेळा दाखवणारं एखादं ॲप घ्या. आपण बटण दाबतो, ॲप दूरच्या सर्व्हरला एचटीटीपी विनंती पाठवतं. बहुतेकदा उत्तर येतं. कधी मात्र जोडणी मध्येच तुटते, कधी सर्व्हर `503` पाठवतो, म्हणजे ‘आत्ता जमत नाही’. अशा वेळी पुन्हा विचारणं रास्तच आहे. `404` आलं, तर मात्र मागितलेलं तिथे नाहीच. सहसा पुन्हा विचारून उपयोग नसतो.

सर्व्हर ताणाखाली असताना हजारो ॲपनी लगोलग पुन्हा विचारलं, तर त्याला सावरायला उसंतच मिळत नाही. म्हणून प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करतात: अर्धा सेकंद, एक, दोन, चार. हा एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ. तो पुरेसा आहे असं अनेकांना वाटतं, आणि खरी चूक तिथेच होते. एकाच क्षणी अडलेली हजार ॲप अर्ध्या सेकंदाने एकत्रच परततात, मग एका सेकंदाने पुन्हा एकत्रच. सर्व्हरच्या आलेखावर हे लगेच ओळखू येतं: मध्ये सपाट रेषा आणि वाढत जाणाऱ्या अंतराने उंच सुळके.

उपाय म्हणजे जिटर. थांबण्याचा काळ ठरवून न घेता, शून्य ते त्या फेरीची मर्यादा यांमधला कोणताही आकडा घ्यायचा:

```python
wait = random.uniform(0, min(8, 0.5 * 2**n))
```

`n` शून्यापासून मोजायचा. `8` ही सेकंदांतली कमाल मर्यादा. आता तीच हजार ॲप पहिल्या अर्ध्या सेकंदात विखुरतात, पुढच्या फेरीत त्याहून जास्त. सुळके बसतात आणि सर्व्हरला श्वास घेता येतो.

उरते एकूण मुदत. बसथांब्यावरचा माणूस किती वेळ पडद्याकडे बघत राहील? दहा सेकंद धरू, आणि प्रत्येक प्रयत्नाला दोन. पहिला प्रयत्न दोन सेकंदांनी फसला, ०.३ सेकंद थांबलो, दुसरा ४.३ला फसला, ०.७ थांबलो, तिसरा सातव्या सेकंदाला फसला, १.६ थांबलो. आता ८.६ झाले. चौथ्या प्रयत्नाला दोन नव्हे, उरलेले १.४ सेकंदच द्यायचे. थांबण्यातच मुदत संपणार असेल, तर न थांबता लगेच ‘माहिती मिळत नाही’ असं सांगावं.

इथे एक खाच आहे. पायथनच्या `requests` लायब्ररीतलं `timeout=2` हे पूर्ण उत्तराला लागणाऱ्या वेळेवरचं बंधन नाही. जोडणीसाठी किती थांबायचं आणि नंतर सर्व्हरकडून काहीच न येता किती वेळ जाऊ द्यायचा, एवढंच ते ठरवतं. सर्व्हर थेंब थेंब उत्तर देत राहिला, तर विनंती मिनिटभरही चालू शकते. म्हणून एकूण मुदतीचं घड्याळ वेगळं ठेवावं लागतं, आणि उत्तराचे तुकडे येत असतानाही ते तपासावं लागतं.

वेळा विचारणं निरुपद्रवी आहे, तिकिटाचे पैसे भरणं तसं नाही. पैसे कापले गेले आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं, तर दुसऱ्या प्रयत्नात ते पुन्हा कापले जातील. तिथे प्रत्येक व्यवहाराला ॲपनेच एक क्रमांक द्यावा, प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवावा, आणि तो आधी पाहिलेला असेल तर सर्व्हरने जुनंच उत्तर परत द्यावं. सर्व्हरमध्ये ही सोय नसेल, तर पैशांची विनंती आपोआप पुन्हा पाठवू नये.