पडल्यानंतरचे तीन आठवडे: वयस्कर मेंदूतला उशिरा कळणारा रक्तस्राव

घरातली वयस्कर व्यक्ती पडते, डोक्याला टेंगूळ येतं, सीटी स्कॅन होतो, "काही नाही" असं सांगून घरी पाठवतात. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. आज आपण बघणार आहोत तो आजार नेमका या सुटकेनंतर वाढतो. त्याचं नाव क्रॉनिक सबड्युरल हिमाटोमा. मेंदूवरच्या जाड आवरणाखाली, म्हणजे ड्युराखाली, हळूहळू साचत जाणारं रक्त.

आधी एक नमुना-रुग्ण घेऊ. रुग्ण कल्पित आहे, पण लक्षणांचा क्रम अगदी नेहमी दिसणारा आहे. ७४ वर्षांचे आजोबा, हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणारे, बाथरूममध्ये घसरतात आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटतं. शुद्ध जात नाही. चार तासांनी केलेल्या स्कॅनमध्ये उजव्या बाजूला रक्ताचा अगदी पातळ थर असावा की नसावा, इतपतच शंका. पहिले दोन दिवस ठीक जातात. नवव्या दिवसापासून सकाळी डोकं जड वाटतं. सोळाव्या दिवशी डाव्या पायातली चप्पल चालताना निसटते आणि ते आजोबांच्या लक्षातही येत नाही. विसाव्या दिवशी औषधांच्या गोळ्यांचा घोळ होतो. एकविसाव्या दिवशी मात्र ते एकदम नीट, पेपर वाचतात, चेष्टा करतात. म्हणून मुलगा डॉक्टरांकडे जाणं पुढे ढकलतो. सत्ताविसाव्या दिवशी दुपारच्या चहाला हाका मारून उठवावं लागतं. पुन्हा स्कॅन केला तर उजव्या बाजूला सुमारे ९० मिलिलिटर रक्त!

आता हिशेब करा. पहिल्या दिवशी १० मिलिलिटर होतं असं धरलं, तर २६ दिवसांत ८० मिलिलिटर वाढलं. म्हणजे सरासरी रोज ३ मिलिलिटर, चहाचा एक चमचाही नाही. (प्रत्यक्षात वाढ अशी सरळ रेषेत होत नाही, पण वेगाचा अंदाज येतो.)

एवढं रक्त साचेपर्यंत मेंदू गप्प कसा राहिला? वयानुसार मेंदू थोडा आकसतो, कवटी मात्र आहे तेवढीच राहते. त्यामुळे दोघांमध्ये जागा वाढते. मेंदूच्या पृष्ठभागावरून ड्युराकडे जाणाऱ्या बारीक शिरा, ब्रिजिंग व्हेन्स, या वाढलेल्या अंतरावर ताणलेल्या असतात. डोक्याला झटका बसला की मेंदू आत हलतो आणि एखादी शीर फाटते. शिरेतला दाब कमी, म्हणून गळती संथ. ज्या जागेमुळे शीर ताणली गेली, तीच जागा मग रक्ताला सामावूनही घेते. तरुणाच्या घट्ट भरलेल्या कवटीत एवढं रक्त इतके दिवस गप्प बसलं नसतं.

पण शीर कधीतरी बंद होतेच. मग रक्त वाढतच का राहतं? संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी या प्रश्नाचा इतिहास जरूर वाचावा. १८५७ मध्ये व्हिर्शोने याला आवरणाची दाहजन्य विकृती मानलं. १९१४ मध्ये ट्रॉटरने मार आणि फाटलेली शीर यांवर बोट ठेवलं. पण पडणं आणि लक्षणं यांच्यातल्या शांत काळाचं काय? १९३२ मध्ये गार्डनरने उत्तर दिलं: साचलेलं रक्त विघटित होतं, त्याची ऑस्मॉटिक तीव्रता वाढते आणि भोवतालचं पाणी आत ओढलं जातं. उत्तर इतकं सुबक होतं की ते अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत टिकलं. मग १९७१ मध्ये वीअरने साधी गोष्ट केली. त्या द्रवाची ऑस्मोलॅलिटी मोजली आणि रक्ताशी ताडून पाहिली. लक्षणीय फरक नव्हता. ओढ लावणारा फरकच नाही, तर पाणी येईल कशाला?

आजचं चित्र वेगळं आहे. साचलेल्या रक्ताला शरीर जखम समजतं आणि त्याभोवती पडदा विणायला लागतं, साधारण आठवड्याभरात बाहेरचा, तीनेक आठवड्यांत आतला. बाहेरच्या पडद्यात नव्या केशवाहिन्या फुटतात, पण त्या कच्च्या आणि झिरपणाऱ्या असतात. शिवाय आतल्या द्रवात गुठळी विरघळवणारी रसायनं सक्रिय असतात, त्यामुळे झिरपलेलं रक्त नीट गोठत नाही. रक्त, त्यामुळे दाह, दाहामुळे नव्या वाहिन्या, त्यांतून पुन्हा रक्त, असं चक्र सुरू होतं. पुढे किरणोत्सारी खूण लावलेल्या लाल पेशी रुग्णाच्या शिरेत सोडून पाहिल्या, तर त्या या साठ्यात सापडल्या. म्हणजे जुन्या रक्तात ताजं रक्त मिसळत होतं. व्हिर्शोचा दाह असा मागच्या दाराने परत आला, फक्त कारण म्हणून नाही, परिणाम म्हणून.

पहिल्या दिवशीचा स्कॅन स्वच्छ असणं ही त्या दिवसापुरती माहिती का आहे, हे यावरून कळेल. पडदा तेव्हा तयारच झालेला नसतो. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतही उशिरा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून अशा रुग्णाबद्दल डॉक्टर जास्त सावध असतात. (औषध आपल्या मनाने बंद मात्र करायचं नाही, त्याचा वेगळा धोका आहे.)

घरी काय बघायचं? वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, नवी गुंगी किंवा गोंधळ, बोलण्यात अडखळणं, एका बाजूचा अशक्तपणा, चालताना तोल जाणं, झटका. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय. झोपेतून जाग येत नसेल किंवा झटका आला तर रुग्णवाहिकाच बोलवा. अवघड भाग असा की हे सगळं "वय झालं", स्मृतिभ्रंश किंवा पक्षाघात म्हणूनही खपतं, आणि मध्ये चांगले दिवस येतात. म्हणून तुलना कालच्या दिवसाशी करू नका, पडण्याआधीच्या माणसाशी करा. एक सोपी चाचणी आहे: डोळे मिटून, तळवे वर करून, दोन्ही हात समोर दहा सेकंद धरायला सांगा. एक हात आत वळून खाली घसरला तर तो दिसायला लागलेला अशक्तपणा आहे. हात घसरला नाही म्हणून धोका टळला, असं मात्र नाही.

पक्षाघात समजून घरच्या घरी ॲस्पिरिन देणं तर इथे उलटंच. स्कॅनआधी फरक सांगता येत नाही.

दुसरा स्कॅन वाचतानाही एक सापळा असतो. ताजं रक्त सीटीवर मेंदूपेक्षा पांढरं दिसतं, जुनं काळपट. मधल्या काळात, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ते मेंदूच्याच छटेचं होतं. दोन्ही बाजूंना सारखंच साचलं असेल तर मेंदूची मध्यरेषाही सरकत नाही आणि चित्र वरवर नॉर्मल वाटतं. तेव्हा मेंदूच्या घड्या कवटीपासून आत ढकलल्या गेल्या आहेत का, हे शोधावं लागतं. "२० दिवसांपूर्वी पडले होते" एवढं एक वाक्य स्कॅन वाचणाऱ्याला कळलं तर तो ते शोधतो. पण कित्येक रुग्णांना ते पडणं आठवतच नाही, मार इतका किरकोळ असतो. रुग्णांच्या जुन्या नोंदींवरून "किती जणांना मार लागला होता" हे मोजणाऱ्या प्रत्येक अभ्यासात ही विस्मृती शिरलेली असते, हे आकडे वाचताना धरून चाला.

आजोबांच्या कवटीला दोन छोटी छिद्रं पाडून तो काळसर द्रव काढतात. तो गोठलेला नसतो, म्हणूनच हे जमतं. पण झिरपणारा पडदा बराचसा आतच राहतो, आणि त्यामुळे साठा पुन्हा होऊ शकतो. २००९ मध्ये सांतारियस आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये दाखवलं, की शस्त्रक्रियेनंतर आत नळी ठेवली तर पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर येतं. शून्यावर येत नाही. त्यामुळे टाके निघाल्यावरही काही आठवडे आजोबांची चाल, बोलणं आणि दुपारची झोप घरच्यांनी बघत राहायची असते.