किडनीचा आजार असताना उलट्या-जुलाब झाले तर रोजच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या?

उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात हे छत्रपती संभाजीनगरात गॅस्ट्रोचे दिवस. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, ते टाकीत आणि पिंपात साठवून वापरावं लागतं. पण साथ फक्त याच दिवसांत येते असं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये छावणी परिसरात दूषित पाण्यामुळे गॅस्ट्रोची मोठी साथ पसरली आणि हजारो लोक आजारी पडले.

धडधाकट माणूस अशा आजारातून दोन-तीन दिवसांत उठतो. पण किडनी आधीच कमजोर असेल तर त्याच दोन-तीन दिवसांत ती अचानक आणखी बिघडू शकते. आणि बऱ्याचदा त्याला हातभार लागतो तो रोज नेमाने घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचा. म्हणूनच डॉक्टर 'सिक डे रूल्स', म्हणजे आजारपणाच्या दिवसांचे नियम सांगतात.

चांगली गोळी अचानक त्रासदायक का ठरते?

किडनीत रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक चाळण्या असतात. प्रत्येक चाळणीत एका नळीतून रक्त येतं आणि दुसरीतून बाहेर जातं. जुलाबांमुळे शरीरातलं पाणी कमी झालं की रक्ताचा दाब उतरतो. तेव्हा किडनी आत येणारी नळी मोकळी ठेवते आणि बाहेर जाणारी आवळते. त्यामुळे चाळणीतला दाब टिकतो आणि रक्त गाळण्याचं काम चालू राहतं.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या बाहेर जाणारी नळी सैल करतात. एरवी हाच त्यांचा फायदा असतो, कारण त्यामुळे चाळणीवरचा ताण कमी होतो आणि किडनी जास्त वर्षं टिकते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आत येणारी नळी आवळतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उरलंसुरलं पाणीही बाहेर काढतात. या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी जुळून आल्या तर चाळणीत दाबच उरत नाही.

मधुमेहाच्या गोळ्यांची अडचण वेगळी आहे. मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही, पण किडनी मंदावली की ते शरीरात साठतं आणि रक्तातलं आम्ल धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या पोट रिकामं असताना साखर फार खाली आणू शकतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांच्यामुळे लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही जातं. शिवाय उपाशीपोटी त्यांच्यामुळे कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो आणि तोही साखर फार वाढलेली नसताना. त्यामुळे ग्लुकोमीटरवरचा आकडा बरा दिसला तरी पोटदुखी, सततची मळमळ आणि जोरजोरात श्वास चालू असेल तर थांबून चालत नाही.

नियम कधी लागू होतो?

एक-दोनदा पातळ संडास झाली म्हणून गोळ्या बंद करायच्या नसतात. वारंवार उलट्या किंवा जुलाब होत आहेत, अन्नपाणी पोटात टिकत नाही किंवा जोराच्या तापात घाम जातोय आणि खाणंपिणं सुटलंय, अशा वेळी तो लागू होतो. नीट खाणंपिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की त्याच गोळ्या नेहमीच्या डोसने पुन्हा सुरू करायच्या असतात.

एक उदाहरण

समजा, सिडकोत राहणारे ६२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. मधुमेह आणि रक्तदाब जुना, किडनीचं काम साधारण ४० टक्क्यांवर आलेलं. गुरुवारी रात्रीपासून सात-आठ जुलाब आणि तीन उलट्या झाल्या. सकाळी गोळ्यांचा डबा उघडल्यावर त्यांनी काय करायचं?

रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे 'एच' आहे. पाकिटामागे बारीक अक्षरात टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे एकाच गोळीत थांबवायची दोन औषधं आहेत. साखरेची 'एक' गोळी प्रत्यक्षात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची जोडगोळी आहे. तिसरी डापाग्लिफ्लोझिन. या तिन्ही गोळ्या थांबतील. गोंधळ इथेच होतो, कारण लोक गोळी रंगावरून ओळखतात आणि आत काय आहे ते पाकिटावरच कळतं.

मेटोप्रोलॉल मात्र स्वतःहून बंद करायची नाही, कारण ती अचानक सोडली तर हृदयाला धोका असतो. नाडी मंद असेल किंवा रक्तदाब खूपच उतरला असेल तर डॉक्टरांना विचारायचं. कोलेस्टेरॉलची गोळी आणि हृदयासाठीची ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन या यादीत येत नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते पूर्ण बंद करायचं नसतं, त्याचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचा असतो. स्टेरॉइडच्या गोळ्याही कधीच अचानक सोडायच्या नसतात.

अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून गोळी आणली तर ती साधी पॅरासिटामॉल आहे ना, हे बघावं लागतं. अनेक गोळ्यांत तिच्यासोबत अ‍ॅसिक्लोफेनॅक असतं. दवाखान्यात इंजेक्शन घेण्याआधीही 'किडनीचा त्रास आहे' हे आपण होऊन सांगायला हवं.

पाण्यासाठी ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून घोट घोट घ्यायची. पाहुणे आणतात ते शहाळ्याचं पाणी इथे सरसकट चांगलं नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि कमजोर किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. ज्यांचं पोटॅशियम आधीच वाढलेलं आहे त्यांनी ओआरएससुद्धा विचारूनच घ्यावं.

गोळ्या बंद असताना साखर दर चार ते सहा तासांनी तपासायची. शनिवारी सकाळी जुलाब थांबून जेवण सुरू झालं, तर रविवारी किंवा सोमवारी तिन्ही गोळ्या पुन्हा सुरू होतील. त्यानंतर आठवडाभरात क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी केली की किडनी पूर्वपदावर आली का ते कळतं.

थेट रुग्णालय कधी गाठायचं?

सहा-आठ तासांत लघवीच झाली नाही, उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येते, घोटभर पाणीही टिकत नाही, संडासमध्ये रक्त दिसतं, माणूस असंबद्ध बोलतो किंवा साखर २५०च्या वरच राहते, अशा वेळी घरी वाट पाहू नये. घाटी असो की जवळचं खासगी रुग्णालय, जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. ४८ तासांत उतार पडला नाही तरीही डॉक्टरांना दाखवायला हवं.

या नियमांच्या मर्यादा

गोळ्या थांबवल्याने किडनी नक्की किती वाचते, याचा ठोस पुरावा अजून मर्यादित आहे. प्रत्यक्षात दोन चुका होतात. एक म्हणजे चुकीची गोळी थांबवली जाते. दुसरी जास्त महागात पडते, ती म्हणजे बरं वाटल्यावर गोळ्या पुन्हा सुरूच होत नाहीत आणि महिनोन्‌महिने रक्तदाब वाढलेला राहतो.

हृदय कमजोर असलेल्यांनी लघवीच्या गोळ्या स्वतःहून थांबवल्या तर फुप्फुसांत पाणी साचू शकतं. डायलिसिसवर असलेल्यांना पाणी पिण्याची मर्यादा असते. किडनी प्रत्यारोपण झालेल्यांची औषधं उलट्या-जुलाबांत एक दिवसही परस्पर बदलता येत नाहीत. या तिघांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

बाकीच्यांनी पुढच्या तपासणीला सगळी पाकिटं घेऊन जावं आणि कोणती गोळी थांबवायची, कोणती नाही, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं. तो कागद गोळ्यांच्या डब्यातच ठेवला तर रात्री दोन वाजता घरातलं कुणीही तो वाचू शकतं.